ज्येष्ठांसाठी मोबाईल बँकिंगची तीस सेकंदांची हिंदी स्क्रिप्ट: कामाच्या नोंदी

१२ जानेवारी, सांगली

इथल्या एका सहकारी बँकेचं काम आलंय. आपल्या विटा-खानापूर भागातली गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानिमित्त पार उत्तरेपर्यंत पसरलेली आहेत, त्यांच्यामागोमाग या बँकेनं कानपूर आणि इंदूरला शाखा काढल्या आणि आता तिथले हिंदी बोलणारे स्थानिक लोकही खातेदार झालेत. त्यातल्या वयस्कर खातेदारांसाठी मोबाईल बँकिंग सेफ कसं वापरायचं यावर तीस सेकंदांची क्लिप हवी आहे. शाखेतल्या टीव्हीवर दिवसभर फिरणार आणि व्हॉट्सॲपवरही जाणार. स्क्रिप्ट आणि आवाज माझ्याकडे, चित्रं दुसरा मुलगा करतोय. कोणाला असलंच काम करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतोय.

बँकेनं आठ मुद्द्यांचं मॅटर पाठवलंय. ओटीपी देऊ नका, पिन देऊ नका, लिंक दाबू नका, अनोळखी ॲप टाकू नका, स्क्रीन शेअर करू नका, क्यूआर स्कॅन करताना जपा, कलेक्ट रिक्वेस्ट नाकारा आणि फसवणूक झालीच तर हेल्पलाइनला फोन करा. सगळं मिळून एकशे दहा शब्द. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बातम्यांच्या स्पीडनं वाचून बघितलं तर पाऊण मिनिटावर गेलं, आणि म्हाताऱ्या माणसाला कळेल अशा स्पीडनं वाचलं तर मिनिटही पुरणार नाही.

१४ जानेवारी

आधी मॅटरमधल्या फॅक्ट्स तपासल्या, कारण एकदा रेकॉर्डिंग झालं की एक शब्द बदलायचा म्हटलं तरी परत स्टुडिओचं भाडं. दोन गोष्टी जुन्या निघाल्या. पहिली, हेल्पलाइनचा नंबर १५५२६० लिहिलेला, तो बदलून आता बरीच वर्षं झाली, सध्या १९३० आहे. शाखेत लावलेल्या जुन्या पोस्टरवरून तसाच उतरवला होता, त्यामुळे ते पोस्टरही काढायला सांगितलं. दुसरी, कलेक्ट रिक्वेस्ट. म्हणजे समोरच्यानं पैसे मागितल्याचा मेसेज यूपीआयवर यायचा आणि आपण पिन टाकला की आपलेच पैसे जायचे. माणसामाणसांतल्या या रिक्वेस्ट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्यात, फक्त व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या चालू आहेत. तो मुद्दा काढला, सात उरले.

सातही तीस सेकंदांत बसत नाहीतच. मग बँकेच्या साहेबांना विचारलं की तुमच्या वयस्कर खातेदारांचे पैसे जातात तेव्हा सुरुवात कशानं होते. ते म्हणाले, जवळजवळ दरवेळी फोननं. "बँकेतून बोलतोय, केवायसी राहिलंय, आज खातं बंद होणार." त्यानंतर मग कोणाकडून ओटीपी काढतात, कोणाला व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवून ॲप टाकायला लावतात, कोणाला स्क्रीन शेअर करायला सांगतात. म्हणजे वाटा वेगवेगळ्या पण दरवाजा एकच, चालू असलेला फोन. तो फोन कट झाला तर पुढचं काहीच घडत नाही. म्हणून या क्लिपमध्ये एकच काम सांगायचं ठरवलं: फोन ठेवा आणि बँकेला स्वतः फोन करा. लिंक, क्यूआर वगैरेंच्या वेगळ्या क्लिप नंतर करू म्हटलं. साहेबांना पटलं, पण त्यांच्या वरच्यांना अजून पटवायचंय.

२१ जानेवारी

होकार आला. शब्दांचं बजेट मांडलं. हिंदीत शब्द मोजून अंदाज नीट येत नाही, कारण "से", "का", "हो" हेही शब्द आणि "निकालिए" हाही एक शब्दच. त्यापेक्षा तोंडातून शब्दाचे किती तुकडे निघतात ते मोजायचे. पासबुक म्हणजे पास-बुक, दोन. निकालिए म्हणजे नि-का-लि-ए, चार. जाहिरातीत सेकंदाला सहा-सात तुकडे सहज जातात. वयस्कर माणसासाठी मी सेकंदाला चार ते साडेचार धरले.

तीस सेकंदांतला पहिला एक सेकंद रिकामा ठेवायचा, कारण टीव्हीवर आधीची क्लिप संपून ही सुरू होताना पहिला शब्द खाल्ला जातो. शेवटचे तीन सेकंद बँकेच्या नावाला. उरले सव्वीस. त्यातले चार सेकंद गॅपसाठी. राहिले बावीस, म्हणजे साधारण नव्वद तुकडे. गॅप आधीच बजेटमध्ये धरायचा हे महत्त्वाचं आहे, नाहीतर स्क्रिप्ट ठासून भरली जाते आणि मग स्टुडिओत "जरा पटपट घ्या" म्हणावं लागतं आणि सगळंच वाया जातं. वयस्कर माणूस वाक्य ऐकतो, मनात लावतो, मग पुढचं ऐकायला तयार होतो, त्याला तेवढी जागा पाहिजे.

पहिला ड्राफ्ट बँकेच्या वळणानं "न" वापरून लिहिला:

"बैंक के नाम से फोन आए तो ओटीपी न बताएँ, पिन न बताएँ, कोई ऐप न डालें।"

माझ्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करून कानपूरला मावसभावाला पाठवला. दादाचं तिथं सराफ्यात गलाईचं दुकान आहे. त्याला सांगितलं, शेजारपाजारच्या साठीच्या पुढच्या लोकांना एकदाच ऐकव, आणि "समझ में आया क्या" असं अजिबात विचारू नकोस, कारण त्यावर सगळे हो म्हणतात. चहा-पाणी, इकडच्या तिकडच्या गप्पा होऊ दे, दहा-पंधरा मिनिटं गेली की विचार, "ऐसा फोन आया तो आप क्या करेंगे?"

२४ जानेवारी

दादाचा फोन आला. बहुतेकांना आठवलं की ओटीपीबद्दल काहीतरी होतं, पण काय करायचं ते सांगता आलं नाही. आणि शेजारच्या एका आजींनी तर सांगितलं, "बैंक वाले को ओटीपी बताना है." हे मला फार लागलं. आपल्याच क्लिपनं माणसाला उलटं शिकवलं तर ती नसलेली बरी.

परत परत ऐकल्यावर कारण दिसलं. "न" हा एवढासा आवाज, तो "ओटीपी" आणि "बताएँ" या दोन ठसठशीत शब्दांच्या मध्ये चेपला जातो. शिवाय तीन वेळा नकार, म्हणजे तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या आणि प्रत्येक उलटी करून. त्यामुळे "हे करू नका" अशी वाक्यं काढून "हे करा" अशी लिहिली. फोन काट दीजिए. पासबुक निकालिए. नंबर मिलाइए. हातानं करायची कामं, एकामागून एक. ओटीपीचं एकच वाक्य ठेवलं आणि त्यातही आज्ञा नाही, माहिती: "बैंक कभी नहीं पूछता". इथं "कभी नहीं" दोन भरीव शब्द आहेत, ते दाबून म्हणता येतात, हरवत नाहीत.

२८ जानेवारी

"बँकेला स्वतः फोन करा" म्हटलं की पुढचा प्रश्न, कुठल्या नंबरवर? हा भाग हलक्यात घेऊ नका. बरेच लोक गूगलवर कस्टमर केअर शोधतात आणि तिथं चोरांनी टाकून ठेवलेले खोटे नंबर असतात, म्हणजे फोन ठेवून माणूस स्वतःहून परत चोराकडेच. आलेल्या नंबरवर उलट फोन करण्यातही तेच. म्हणून नंबर असा पाहिजे जो आधीपासून घरात छापील आहे. एटीएम कार्डाच्या मागं असतो, पण या शाखांमधल्या बऱ्याच वयस्कर खातेदारांनी कार्ड घेतलेलंच नाही. पासबुक मात्र प्रत्येकाकडे, देव्हाऱ्याशेजारी किंवा कपाटात जपून ठेवलेलं.

मग "पासबुक निकालिए" लिहिण्याआधी पासबुक मागवून बघितलं. पहिल्या पानावर शाखेचा नंबर छापलाय, लावला तर बंद. लँडलाइन केव्हाच काढलेली. ही ओळ तशीच गेली असती तर घाबरलेला माणूस सांगितल्याप्रमाणे फोन ठेवणार, पासबुक काढणार, नंबर लावणार आणि तिकडून काहीच नाही, आणि तेवढ्यात चोराचा परत फोन.

साहेबांशी बसलो. स्टिकर लावू असं आधी निघालं, पण स्टिकर कोणीही छापून कोणाच्याही पासबुकावर चिकटवू शकतो, म्हणून नको म्हटलं. शेवटी ठरलं ते असं: काउंटरवर क्लार्कनं जुना नंबर पेनानं खोडायचा, शेजारी टोल-फ्री नंबरचा रबरी शिक्का मारायचा आणि सही करायची. शिक्का बनवायला किरकोळ खर्च, पण प्रत्येक पासबुक काउंटरवर यायला वेळ लागणार. तोपर्यंत क्लिप थांबवायची तयारी बँकेनं दाखवली, हे चांगलं झालं.

२ फेब्रुवारी

चित्रासकट कच्ची क्लिप सांगलीच्या शाखेत लावून बघितली. सगळ्या शाखांत एकाच कंपनीचे टीव्ही आहेत म्हणून आवाजाची टेस्ट इथंच होऊ शकते. आज पेन्शनमुळे गर्दी होती, म्हणजे ऐकणारेही बरोबर त्याच वयाचे.

या व्हर्जनमध्ये सुरुवातीला चोराचं वाक्य दुसऱ्या माणसाच्या आवाजात घेतलं होतं, नाट्यमय वाटावं म्हणून. "मैं बैंक से बोल रहा हूँ, आपका खाता आज बंद हो जाएगा." बाकड्यावर एक आजोबा पासबुक हातात घेऊन नंबरची वाट बघत बसलेले. टीव्हीकडे त्यांचं लक्ष नव्हतं, नुसतं कानावर पडत होतं. ते वाक्य झालं तसे उठले आणि थेट काउंटरला जाऊन म्हणाले, "ओ साहेब, माझं खातं का बंद करताय? काय कागद द्यायचा राहिलाय का?" क्लार्कनं समजावून बसवलं.

तिथंच लक्षात आलं. स्वच्छ स्टुडिओतला आवाज, कोपऱ्यात बँकेचा लोगो आणि ऐकणारा बसलाय बँकेतच. त्याच्यासाठी ही बँकेचीच घोषणा. पहिल्यांदा विचार केला की तो आवाज फोनमधून आल्यासारखा करू, म्हणजे ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३४०० च्या वरचं कापून टाकायचं की टेलिफोनसारखा ऐकू येतो. करून बघितलं, पण मग वयस्कर कानांना ते वाक्यच कळेना. म्हणून चोराचा आवाज काढूनच टाकला. आता निवेदिकाच सगळं सांगते आणि सुरुवात "फोन पर कोई कहे" अशी, म्हणजे धमकी यायच्या आधी ती कोणाची आहे हे कळतं. "आज" हा शब्दही काढला, त्यानं उगाच धडकी भरते. त्या शॉटमधून लोगो गेला, तो आता फक्त शेवटी.

आज आणखी एक बघितलं. टीव्ही भिंतीवर उंच, स्पीकर मागच्या बाजूला, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून येणार. वर पंखा आणि काउंटरवर नोटा मोजायचं मशीन. वय झालं की आधी उंच पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, स, श, त, फ असली व्यंजनं त्यातच येतात, आणि पंखा-मशीनची घरघर नेमकी त्यांच्यावर बसते. मागं वाजणारं हळू म्युझिकही त्यातच भर घालत होतं. बोलण्याखालचं म्युझिक पूर्ण काढायचं ठरलं. बँकेला जरा सुनं वाटलं, पण त्याच बाकड्यावर बसवून म्युझिकसकट आणि म्युझिकशिवाय ऐकवलं तेव्हा त्यांनीच काढा म्हणून सांगितलं.

६ फेब्रुवारी

हेल्पलाइन नंबर कसा म्हणायचा यावर आजचा दिवस. "उन्नीस सौ तीस" ऐकायला ऐटदार वाटतं. दादाला दोन्ही प्रकार पाठवले आणि सांगितलं, ऐकवल्यावर कागदावर लिहून घे त्यांच्याकडून. त्यानं कागदांचे फोटो पाठवलेत. उन्नीस सौ तीस ऐकून एकांनी १९२० लिहिलंय, एकांनी २९३०, आणि त्याच आजींनी पेपरच्या कडेला १९ लिहून पुढं नुसतीच रेघ ओढलीय. एकेक आकडा म्हटलेला मात्र सगळ्यांना लिहिता आला, फक्त "शून्य" ला दोघं अडखळले. "जीरो" म्हटल्यावर तेही गेलं. तिथंही रोजच्या बोलण्यात फोन नंबर सांगताना जीरोच म्हणतात. तर नंबर असा: एक, नौ, तीन, जीरो, दोनदा, मध्ये पूर्ण एक सेकंद गॅप, कारण पहिल्यांदा ऐकल्यावर माणूस पेन शोधतो. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात 1930, देवनागरी आकड्यात नाही, कारण मोबाईलच्या कीपॅडवर इंग्रजी आकडेच दिसतात.

"तुरंत" हा शब्द का ठेवलाय तेही लिहितो, कारण जागा कमी पडली तेव्हा तोच काढा असं एकानं सुचवलं होतं. १९३० ला तक्रार नोंदवली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे अजून ज्या खात्यात असतील तिथं रोखून धरता येतात. चोर ते पैसे भराभर एका खात्यातून दुसऱ्यात फिरवतात आणि काढून घेतात. एकदा हातात कॅश गेली की रोखायला काही उरत नाही. त्यामुळे संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर बघू म्हणणं महागात पडतं. रक्कम, वेळ, व्यवहाराचा नंबर जवळ ठेवायचा आणि नंतर cybercrime.gov.in वरही तक्रार करता येते, हे सगळं तीस सेकंदांत येत नाही, ते काउंटरवरच्या छापील पत्रकात टाकलं.

११ फेब्रुवारी

फायनल झालेली स्क्रिप्ट, गॅपसकट:

"फोन पर कोई कहे – बैंक से बोल रहा हूँ, आपका खाता बंद हो जाएगा।
घबराइए मत। फोन काट दीजिए।
(दीड सेकंद)
अब पासबुक निकालिए। उस पर छपा नंबर खुद मिलाइए। सीधे बैंक से पूछिए।
(एक सेकंद)
पिन और ओटीपी बैंक कभी नहीं पूछता।
(अर्धा सेकंद)
पैसे कट गए हों, तो तुरंत मिलाइए – एक, नौ, तीन, जीरो।
(एक सेकंद)
एक, नौ, तीन, जीरो।"

चौपन्न शब्द, नव्वदच्या आसपास तुकडे. सगळ्यात मोठा गॅप "फोन काट दीजिए" नंतर आहे, तेवढ्यात स्क्रीनवर सुरकुतलेला अंगठा लाल बटण दाबताना दिसतो, दुसरं काहीच नाही.

१३ फेब्रुवारी, मिरज

रेकॉर्डिंग. आवाज मिरजेच्या एका निवृत्त हिंदी शिक्षिकेचा, घरात दख्खनी बोलतात पण शाळेत खडी बोली शिकवण्यात आयुष्य गेलंय. जरा खालच्या पट्टीतला आवाज मुद्दाम निवडला, वयस्कर कानाला तो जास्त नीट पोहोचतो. मॅडमना एवढंच सांगितलं की आवाज चढवू नका. मोठ्यानं बोललं की स्वर फुगतात आणि व्यंजनं दबतात, आणि ऐकणाऱ्याला आपल्यावर ओरडताहेत असं वाटतं. शब्दाचा शेवट पूर्ण म्हणायचा, "काट" मधला ट आणि "बंद" मधला द ऐकू आला पाहिजे.

आपल्याकडच्या कोणाचा आवाज घेणार असाल तर "ऐ" आणि "औ" वर लक्ष ठेवा. मराठी जिभेला पइसे, कउन अशी सवय असते. या स्क्रिप्टमध्ये बैंक, पैसे, और, नौ एवढ्या ठिकाणी ते येतं, आणि "नौ" तर नंबरात आहे. मॅडमचं चोख होतं, तरी "नौ" वेगळा तीन-चार प्रकारे घेऊन ठेवला.

एडिटिंगमध्ये जास्त काही नाही. १०० हर्ट्झच्या खालचं कापलं, अडीच ते साडेतीन किलोहर्ट्झच्या भागात तीन डेसिबल वाढवलं, हळू-मोठा फरक कंप्रेसरनं कमी केला आणि मोनो ठेवलं, कारण शाखेतला टीव्ही आणि मोबाईल दोन्हीकडे स्टिरिओचा फायदा शून्य. स्पीड वाढवून वेळेत बसवायची गरज पडली नाही, ते बजेटचं श्रेय. शेवटच्या तीन सेकंदांत लोगोखाली सतारीचा एक तुकडा आहे, मिरजेत येऊन दुसरं वाद्य घेणं बरं वाटेना.

खर्च: स्टुडिओ दोन तास १२००, मॅडमचं मानधन ३५००, सतारीचा तुकडा वाजवणाऱ्याला १०००. सगळ्यात जास्त वेळ बँकेच्या मंजुरीत आणि पासबुकाच्या नंबरात गेला, रेकॉर्डिंग तर एका दुपारचं काम.

१९ फेब्रुवारी

परत सांगलीच्या शाखेत लावून ऐकलं, पंखा आणि मशीन चालू ठेवून. टीव्हीचा साउंड मोड सराउंडवर होता, त्यात बोलणं मागं जातं, तो बदलून बोलणं उठून येतं त्या मोडवर टाकला आणि ही सूचना फाइलसोबत लिहून दिली. शेवटच्या बाकड्यापर्यंत नंबर स्पष्ट पोहोचला.

दादाकडूनही कळलं. तीच पद्धत, चहा झाल्यावर प्रश्न. या वेळी बहुतेकांचं पहिलं उत्तर "फोन काट देंगे" असं आलं. पासबुकाचं निम्म्यांना आठवलं. आजी म्हणाल्या, "पहले काटूँगी, फिर बेटे से पूछूँगी." बँकेऐवजी मुलाला विचारणार, चालेल, फोन तर ठेवला.

२३ फेब्रुवारी

फाइल दिल्या. टीव्हीसाठी आडवी, व्हॉट्सॲपसाठी उभी, आवाज दोन्हीत तोच. कानपूरच्या शाखेत शिक्के मारायचं काम बरंच पुढं गेलंय, तिथं १ मार्चपासून सुरू होईल. इंदूरला शिक्का अजून पोहोचलेला नाही, त्यामुळे तिथली पासबुकं मार्क होईपर्यंत क्लिप लावायची नाही असं मेलमध्ये स्पष्ट लिहिलंय, आणि व्हॉट्सॲपवरची फाइलही तोपर्यंत इंदूरच्या खातेदारांना पाठवायची नाही.